टीए बिलावर आता सही कुणाची?

*नमस्कार. मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत एचआर बघते. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत आमची ३१ जणांची फील्ड टीम आहे आणि आजवर सगळे एकाच विभागीय व्यवस्थापकांच्या हाताखाली आहेत. १ ऑक्टोबरपासून दोन विभाग होतायत. कापसाचे चार जिल्हे त्यांच्याकडे राहतील, सोयाबीनचे चार जिल्हे लातूरच्या आमच्याच एका तरुण सहकाऱ्याकडे जातील. त्याला एरिया मॅनेजर केलंय. पीक प्रात्यक्षिकं घेणारी ६ मुलं विक्रीतून निघून तांत्रिक विभागाखाली जातील. कुणालाही काढायचं नाही, पगारही तेच. पण मला फोन सुरू झालेत: 'नांदेडचं ऑफिस बंद करायलेत म्हणं', 'पाच जणांची यादी तयार हाय म्हणं.' नांदेडच्या ऑफिसचं खरंच काही ठरलेलं नाही. वरून मसुदा आलाय: 'संस्थेची कार्यक्षमता वाढवण्यासाठी व संसाधनांच्या सुयोग्य वापरासाठी पुनर्रचना करण्यात येत असून सर्वांनी सहकार्य करावे.' तो शुक्रवारी संध्याकाळी मेलवर टाकायचाय. लोक घाबरणार नाहीत असं काय लिहू?*

*— एक वाचक, जालना*

ताई, तो मसुदा या शुक्रवारी जाऊ देऊ नका. त्यात खोटं काहीच नाही, पण लोकांना जे हवंय त्यातलंही काही नाही. हिंगोलीच्या बाजूला दिवसभर मोटरसायकलवर फिरणारा तुमच्या टीममधला मुलगा 'संसाधनांचा सुयोग्य वापर' हे वाचेल तेव्हा त्याला एवढंच कळेल, की संसाधन म्हणजे आपण आणि सुयोग्य वापर म्हणजे कमी माणसांत काम. तो चुकीचं वाचत नाही. माणसं कमी करणाऱ्या कंपन्या हीच भाषा वापरत आल्यात, मग त्यानं वेगळा अर्थ का लावावा?

काय लिहू, असं तुम्ही विचारलंय. लिहिण्याआधी एक काम आहे. ते झालं की लिहिणं अर्ध्या तासाचं आहे आणि ते नाही झालं तर कितीही गोड लिहिलं तरी अफवा थांबणार नाहीत. एक्सेलची शीट उघडा आणि ३१ ओळी करा, प्रत्येक माणसाची एक. मग रकाने: आजचे साहेब कोण, १ ऑक्टोबरपासून कोण, महिन्याचा टूर प्लॅन आणि टीए बिल कोण मंजूर करणार, रजा कोण देणार, यंदाचं मूल्यमापन आणि इन्सेंटिव्ह कोण ठरवणार, मुख्यालय कोणतं. रिपोर्टिंग बदललं म्हणजे माणसाच्या रोजच्या जगण्यात एवढ्याच गोष्टी बदलतात. बाकी सगळं आकृतीतल्या रेघा.

ही शीट तुमच्या साहेबांसोबत बसून भरा. माझा अनुभव असा, की पहिले चार रकाने दहा मिनिटांत भरतात आणि इन्सेंटिव्हच्या रकान्यात हात थांबतो. कारण तिथलं कुणी ठरवलेलंच नसतं. लोक बरोबर तिथेच बोट ठेवतात.

तुमच्याच टीममधलं उदाहरण घेऊ. उदगीरच्या बाजूला काम करणारा एक जण आहे असं धरा. खरिपाची सगळी विक्री त्यानं जुन्या साहेबांच्या हाताखाली केली. आता सप्टेंबरात कृषी सेवा केंद्रांकडून न विकलेला माल परत येतोय आणि उधारीची वसुली सुरू आहे, म्हणजे त्याचा खरा आकडा अजून पक्का व्हायचाय. पाऊस लांबला म्हणून एका दुकानदारानं माल जास्त परत केला, हे जुन्या साहेबांना माहीत आहे. ते स्वतः त्या दुकानात जाऊन आलेले आहेत. नव्या साहेबांना माहीत नाही. वर नवे साहेब कालपर्यंत बरोबरीचे, शेजारच्या तालुक्यात टार्गेटसाठी झटणारे. या माणसाला नोकरी जाण्याची भीती नाहीच. त्याची भीती ही आहे, की माझं अख्खं खरीप आता दुसऱ्याच्या नजरेनं मोजलं जाणार. तुमच्या नोटीसमध्ये 'कुणालाही काढणार नाही' असं शंभर वेळा लिहिलं तरी या भीतीला ते लागू पडत नाही.

यावर तोडगा साधा आहे, फक्त तो आधी ठरवावा लागतो. खरिपाचा हिशेब जुनेच साहेब करतील आणि प्रत्येकाच्या कामाबद्दल चार ओळी लिहून, सही करून तुमच्याकडे देतील. त्यानंतर येणारा परत माल कसा धरायचा याचा नियम एका वाक्यात लिहा. ऑक्टोबरपासूनचं काम नवे साहेब बघतील. वर्षअखेरीचं मूल्यमापन नवे साहेब करतील, पण जुन्यांच्या त्या चार ओळी समोर ठेवून. इतकं ठरलं की उदगीरच्या माणसाला सांगण्यासारखं तुमच्याकडे काहीतरी आहे.

आता त्या ६ मुलांकडे या. तुम्ही लिहिलंय, पगार तेच. मूळ पगार तोच, हे खरं असेल. पण आजवर विक्रीच्या टीममध्ये असल्यामुळे त्यांना विक्रीच्या इन्सेंटिव्हमधला थोडाफार वाटा मिळत असेल, तर तांत्रिक विभागात गेल्यावर तो कशावर मिळणार? प्रात्यक्षिकांच्या प्लॉटवर विक्रीचा आकडा नसतो. हे न ठरवता तुम्ही 'पगारात कोणताही बदल नाही' असं लिहिलंत, तर मार्चमध्ये हातात पैसे कमी आल्यावर ते वाक्य त्या सहाही घरांत खोटं ठरेल आणि तुमची पुढची कुठलीच नोटीस कुणी खरी मानणार नाही. त्यामुळे एकतर या वर्षापुरता त्यांचा इन्सेंटिव्ह पूर्वीसारखाच ठेवा, नाहीतर नवा निकष ठरवून त्यांना समोरासमोर सांगा. त्यातही एक कायद्याची बाजू आहे. नुसता साहेब बदलणं वेगळं, पण कामगार कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या माणसाचे पगार, भत्ते, कामाच्या वेळा अशा सेवाशर्ती बदलत असतील तर २१ दिवस आधी रीतसर नोटीस द्यावी लागते. तुमच्या टीममधलं कोण त्या व्याख्येत बसतं, हे कंपनीच्या वकिलांना आत्ताच विचारून घ्या.

शीट भरली की वेळेचा विचार करा. शुक्रवारी संध्याकाळी का नको, हे मी माझ्या अंगावर आलेल्या प्रसंगातून सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी वाळूजच्या एका कारखान्यात एचआरला होते. आम्ही असाच एक बदल शुक्रवारी सहा वाजता मेल केला, सोबत नवी आकृती जोडली आणि घरी निघून गेलो. त्या आकृतीत एका सुपरवायझरची चौकट राहून गेली होती. चौकटी सरकवताना कुणाच्या तरी हातून ती पुसली गेली असणार; आकृती मी स्वतः दोनदा बघितली होती आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं. त्यांनी मात्र पहिल्या मिनिटाला पाहिलं. शनिवार-रविवार कारखाना बंद. कुणाला विचारणार? सोमवारी सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले आणि राजीनामा ठेवला. हाताने लिहिलेला, घडी घातलेला. म्हणाले, "तुम्ही सांगण्याआधी मीच दिलेलं बरं." मुलीची बारावीची फी कशी भरायची यावर दोन रात्री नवरा-बायको जागले होते. चूक सुधारायला मला एक मिनिट लागलं. त्या दोन रात्री मला परत देता आल्या नाहीत.

म्हणून आठवड्याच्या सुरुवातीचा दिवस घ्या, मंगळवार चांगला. सोमवारी फील्डवाले आठवड्याच्या नियोजनात असतात, आणि मंगळवारी सांगितलं की प्रश्न विचारायला पुढे तीन-चार कामाचे दिवस हाताशी राहतात. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांच्या आदल्या दिवशीही नको. माणूस घरी जाईल, सगळे नातेवाईक जमलेले असतील आणि अर्धवट बातमीचं तिथे काय होईल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण फार लांबवूही नका. रब्बीच्या हरभऱ्याची विक्री सुरू होण्याआधी लोकांना दोन-तीन आठवडे हवेत, म्हणजे सप्टेंबरचा पहिला पंधरवडा तुमच्यासाठी योग्य. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिल्या माणसाला सांगितल्यापासून शेवटच्या माणसाला कळेपर्यंतचं अंतर तासांत मोजता आलं पाहिजे. ते दिवसांवर गेलं, की बातमी तुमच्या हातातून सुटली. व्यवस्थापकांना आज सांगू आणि खालच्यांना पुढच्या आठवड्यात, असं जिथे होतं तिथे मधला आठवडा अफवांचाच असतो.

त्या दिवसाचा क्रम मी असा लावीन. सकाळी साडेनऊला तिघांशी वेगवेगळं बोलायचं. पहिले विभागीय साहेब. त्यांना बदल आधीपासून माहीत असणार, तरी त्या सकाळी पुन्हा बोला; का, ते पुढे सांगते. मग लातूर-नांदेडकडच्या टीममधले दोन सगळ्यात जुने सहकारी, ज्यांच्या डोक्यावरून त्या तरुणाला बढती मिळाली. असे दोघे आहेत असं मी गृहीत धरते, कारण प्रत्येक टीममध्ये असतातच. ही बातमी त्यांना ग्रुपवर कळता कामा नये. त्यांच्याशी बोलताना "तुम्हीही पुढच्या वेळी" असं काही बोलून जाऊ नका. ते वचन होतं, आणि ते पाळणं तुमच्या हातात नसतं. "निर्णय झालाय, तुमचं नाव विचारात होतं की नव्हतं आणि का, हे विक्रीप्रमुख स्वतः तुम्हाला सांगतील, गुरुवारी अकरा वाजता तुमच्यासाठी वेळ ठेवलाय," असं सांगा. आणि ती गुरुवारची वेळ खरोखर ठेवा.

साडेदहा ते साडेबारा या वेळात ज्यांचे साहेब बदलतायत त्या सतरा जणांना फोन. ११ सोयाबीनच्या जिल्ह्यांतले, ६ प्रात्यक्षिकांचे. हे लोक आठ जिल्ह्यांत विखुरलेले, त्यामुळे समोर बसवणं शक्य नाही, पण फोनवर प्रत्येकाचे पाच मिनिटं शक्य आहेत. फोन एकट्या एचआरनं करू नये. लाइनवर जुने आणि नवे दोन्ही साहेब असावेत. जुने साहेब म्हणाले, "हिंगोलीचं काम याचं चांगलं आहे, आता तू बघ," तर त्या एका वाक्यानं जे होईल ते तुमच्या पानभर मेलनं होणार नाही. शीटवरची त्याची ओळ समोर ठेवून तीच वाचून दाखवा: साहेब हे, बिल यांच्याकडे, रजा यांच्याकडे, खरिपाचा हिशेब असा, मुख्यालय तेच. ११ फोन नव्या एरिया मॅनेजरसोबत होतील, तेव्हाच दुसऱ्या लाइनवर तांत्रिक प्रमुख आणि तुमच्यापैकी कुणीतरी ६ फोन करतील. नाहीतर एखादा फोन लांबला की दोन तासांत बसणार नाही. त्या सहाही जणांना मागून विभागीय साहेबांचा एक छोटा फोन जाऊ द्या.

एक वाजता सगळ्या ३१ जणांचा एकत्र कॉल, वीस मिनिटांचा. तो संपताक्षणी लेखी नोटीस. लेखी आधी आणि बोलणं नंतर असं नको, आणि बोलणं आज, लेखी उद्या असंही नको. ज्याला जे ऐकू आलं ते त्यानं लगेच कागदावर पडताळून बघता आलं पाहिजे. दुपारी चारपर्यंत मोठ्या डीलरांना फोन. त्यांना रचनेशी घेणं-देणं नाही. परत मालासाठी आणि उधारीसाठी फोन कुणाला करायचा, एवढंच हवंय. पण त्यांना सोडलंत, तर तुमचा माणूस दुकानात गेल्या गेल्या गल्ल्यावरून प्रश्न येईल, "तुमचं साहेब बदललं म्हणं, कंपनी विकली का काय?" आणि तिथून नवी अफवा निघेल.

आता नोटीस. मी तुमच्यासाठी लिहून बघितली. कारण तुमच्याकडचं खरं असेल ते घाला. मी अंदाजानं लिहिलंय.

*नमस्कार.*

*१ ऑक्टोबरपासून मराठवाड्याची फील्ड टीम दोन विभागांत काम करेल. जालना, छत्रपती संभाजीनगर, बीड आणि परभणी हे जिल्हे विभागीय व्यवस्थापकांकडेच राहतील. लातूर, धाराशिव, नांदेड आणि हिंगोली हे जिल्हे लातूरचे एरिया मॅनेजर बघतील. पीक प्रात्यक्षिकांचं काम करणारे ६ सहकारी तांत्रिक विभागप्रमुखांना रिपोर्ट करतील.*

*हे का करतोय: आठ जिल्हे आणि ३१ जण एकाच व्यवस्थापकाकडे असल्यामुळे लांबच्या जिल्ह्यांतल्या तक्रारींना उत्तर द्यायला उशीर होतो. ऐन हंगामात प्रात्यक्षिकांचे सहकारी विक्रीच्या कामात अडकतात आणि प्लॉटकडे दुर्लक्ष होतं.*

*या बदलात कुणाचीही नोकरी जात नाही. कुणाचं मुख्यालय, मूळ पगार किंवा भत्त्याचा दर बदलत नाही.*

*१७ सहकाऱ्यांचे वरिष्ठ बदलतात. त्या प्रत्येकाशी आज सकाळी बोलणं झालं आहे. कापसाच्या जिल्ह्यांतल्या १३ विक्री सहकाऱ्यांसाठी काही बदलत नाही.*

*३० सप्टेंबरपर्यंतची टीए बिलं आणि रजा आजचेच वरिष्ठ मंजूर करतील. खरिपाच्या इन्सेंटिव्हचा हिशेबही तेच करतील. १ ऑक्टोबरपासूनचं सगळं नव्या वरिष्ठांकडे.*

*नांदेड ऑफिसच्या जागेबद्दल अजून निर्णय झालेला नाही. तो ३१ डिसेंबरपर्यंत होईल. जे ठरेल ते सगळ्यात आधी नांदेडच्या सहकाऱ्यांना सांगू.*

*या आठवड्यात रोज संध्याकाळी ५ ते ६ मी फोनवर आहे. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं, नावं न घेता, शुक्रवारी सगळ्यांना पाठवीन.*

यातल्या दोन-तीन शब्दांवर थांबते, कारण वरचे लोक नेमके तेच बदलायला सांगतील.

'या बदलात कुणाचीही नोकरी जात नाही.' यातला 'या बदलात' काढू नका. कुणीतरी म्हणेल, "कंपनीत कुणाचीच नोकरी जाणार नाही, असं मोकळेपणानं लिहा की." तसं लिहिलंत आणि जानेवारीत वसुलीच्या घोटाळ्यात एखाद्याला काढावं लागलं, तर अख्खी नोटीस खोटी पडते. उलट 'सध्यातरी' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. 'सध्यातरी कुणाला काढण्याचा विचार नाही' हे वाक्य ऐकणाऱ्याच्या कानात 'पुढे आहे' असंच पडतं. आणि हे वाक्य लिहिण्याआधी मालकांना सरळ विचारा, "पुढच्या सहा महिन्यांत या टीममधून माणसं कमी करण्याचा विचार आहे का?" ते एक क्षण जरी थबकले तरी ते वाक्य नोटीसमध्ये घालू नका. मग ही सगळी पद्धतच तुमच्या कामाची नाही. ज्यांची नोकरी जाणार आहे त्यांच्याशी आधी, वेगळं आणि संपूर्ण बोलणं हा दुसरा विषय आहे आणि तो या नोटीसच्या आड लपवता येत नाही.

नांदेडचा परिच्छेद गाळायला सांगतील, याची मला जवळजवळ खात्री आहे. 'ठरलंच नाही तर लिहायचं कशाला, उगाच शंका.' पण शंका आधीच आहे, ती तुमच्या फोनवर आलेली आहे. ३१ जणांच्या तोंडी असलेल्या विषयावर नोटीस गप्प राहिली, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ 'बंद होणार' असाच लावला जाईल. 'बंद होणार नाही' असं मात्र लिहू नका, कारण ते तुम्हाला माहीत नाही. ठरलेलं नाही, कधी ठरेल, आणि आधी कुणाला सांगणार, या तीन गोष्टी लिहिल्या की न ठरलेली गोष्टही माणसाला पेलते. ३१ डिसेंबर ही तारीख मी घातलीय. तुम्ही मालकांकडून पाळता येईल अशीच तारीख घ्या. आणि त्या तारखेलाही ठरलं नसेल, तर त्याच दिवशी 'अजून ठरलं नाही, नवी तारीख अमुक' असा दोन ओळींचा मेल टाका. तारीख नुसती उलटून गेली तर त्याआधीचं सगळं लिहिलेलं वाया जातं.

आकृती जोडायची तर जोडा, पण पाठवण्याआधी ३१ नावं शीटवरून एकेक वाचत जा आणि दुसऱ्या कुणालातरी आकृतीत बोटानं दाखवायला सांगा. मी आजही तसंच करते.

आता विभागीय साहेब. सकाळी पुन्हा त्यांच्याशी बोला म्हणाले, त्याचं कारण हे, की कालपर्यंत त्यांच्याकडे ३१ जण होते आणि आता १३ उरतायत. ते कितीही समजूतदार असले तरी गावाकडे, डीलरांत, सोयऱ्यांत हा आकडा लोक मोजतात. त्यांनी संध्याकाळी चहाच्या टपरीवर नुसतं "बघू आता, काय काय होतंय" असं म्हटलं तरी तुमच्या नोटीसचं काम संपलं, कारण टीमचा विश्वास नोटीसवर नाही, त्यांच्यावर आहे. त्यांच्या मनाला लागलंय हे मान्य करा. "तुमच्यावरचा भार कमी करतोय" असं म्हणू नका. भार कमी करा असं त्यांनी कधी मागितलं नसेल तर ते शब्द टोचतात. खरं ते बोला: कोणते जिल्हे राहिले, त्यांच्याकडून तिथे काय अपेक्षा आहे, पगार आणि हुद्दा तोच आहे का. मग त्यांना विचारा, की तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? त्यांच्याच शब्दांत एक वाक्य त्यांच्या तोंडून येऊ द्या. 'लांबच्या जिल्ह्यांना मला वेळ देता येत नव्हता, आता त्यांना हक्काचा माणूस मिळाला,' असं काही ते मनापासून म्हणू शकले तर उत्तम. मनापासून येत नसेल तर एखादा दिवस पुढे ढकला, पण त्यांना रागात कॉलवर बसवू नका.

सांगून झाल्यावरही काही ठिकाणी घात होतो. व्हॉट्सॲपचा ग्रुप त्यातला पहिला. कुणीतरी उत्साहानं सोमवारी रात्रीच सोयाबीनच्या जिल्ह्यांचा नवा ग्रुप करतं किंवा जुन्या ग्रुपमधून त्या सहा मुलांना काढून टाकतं. ग्रुपवर अमक्याला काढल्याची ओळ सगळ्यांना दिसते आणि तुमची घोषणा तीच होऊन बसते. त्यामुळे नवे ग्रुप १ ऑक्टोबरच्या सकाळी, त्याआधी नाही. आणि जुना ग्रुप महिनाभर तसाच राहू द्या.

रजेच्या सॉफ्टवेअरमध्येही वरिष्ठांचं नाव प्रत्येकासमोर बदलावं लागतं. ते ३० सप्टेंबरच्या रात्री बदला, पण त्याआधी जुन्या साहेबांकडे पडून असलेले सगळे अर्ज त्यांच्याकडून निकाली काढून घ्या. नाहीतर एखाद्याची दसऱ्याची रजा जुन्यांकडे अडकते, नवे म्हणतात माझ्याकडे आलीच नाही, आणि त्या माणसाला दोन साहेब झालेत की एकही नाही, हेच कळत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत रोज बघा: नव्या टीममधली किती बिलं अजून जुन्यांच्या टेबलावर येतायत? लोकांचा हात सवयीनं जुन्यांकडेच जाणार. जुन्या साहेबांना विनंती करा, की आलेलं बिल रागावून परत करू नका आणि सहीही करू नका. "हे आता लातूरला पाठव, मी त्यांना सांगतो" एवढं म्हणा. त्यांनी मायेपोटी सही करत राहिलं तर नवा माणूस कधीच साहेब होत नाही.

नोटीस पोचली की नाही, हे तुम्हाला येणाऱ्या प्रश्नांवरून कळेल. पहिले दोन दिवस 'आमचं काय होतंय मग' असे फोन येतील. आठवडाभरानं 'ऑक्टोबरच्या बिलाला जुनाच फॉर्म चालेल का' असे यायला लागले, तर बसलं. आठवड्यानंतरही पहिल्याच जातीचे फोन येत असतील तर शीटमध्ये कुठलातरी रकाना मोकळा राहिलाय. मेल पुन्हा पाठवू नका, तो रकाना शोधा. आणि फोन अजिबातच येत नसतील तर खूश होऊ नका. मग स्वतः हिंगोलीच्या मुलाला फोन लावा आणि विचारा, ग्रुपवर नाही, तर बाहेर काय बोलायलेत.

शुक्रवार अडवायचा कसा, हे उरलं. 'मसुदा बरोबर नाही' असं वर सांगून उपयोग होणार नाही; मसुदा लिहिणाऱ्याचा मान आड येतो. ती ३१ ओळींची शीट छापा, न भरलेल्या चौकटी लाल पेनानं रंगवा आणि तो कागद घेऊन मालकांकडे जा. म्हणा, "साहेब, मेल गेल्यावर पहिल्या तासात हे एवढे प्रश्न मला येतील आणि यांची उत्तरं माझ्याकडे नाहीत. एवढ्या भरून द्या, पुढच्या मंगळवारी पाठवते."